सेशनचा भाव आणि माईचं पासबुक



आज आम्ही क्रिकेटच्या सट्ट्याबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, क्रिकेट बघतात पोरं, सट्टा लावतात पोरं, यात गटातल्या बायांचं काय काम? काम आहे. कारण सट्ट्याचा पैसा आता कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात सरळ जात नाही. तो बँकेच्या खात्यांतून फिरतो, आणि त्या खात्यांपैकी बरीच खाती साध्या घरातल्या माणसांची असतात. मुलाचं, सुनेचं, कधी माईचं. म्हणून आज खेळापेक्षा पैशाच्या वाटेवर जास्त बोलू.

आधी हा धंदा चालतो कसा ते समजून घेऊ. कोण जिंकणार यावर पैसे लावणं हा जुना प्रकार झाला. आता जास्त पैसा लागतो तो ‘सेशन’वर आणि ‘फॅन्सी’वर. सेशन म्हणजे सामन्याचा एक तुकडा. पहिल्या सहा षटकांत किती धावा होतील, दहा षटकांत किती होतील, यावर भाव निघतो. फॅन्सी म्हणजे त्याहून बारीक गोष्टी. पुढच्या षटकात किती धावा, अमुक खेळाडू किती करेल, पहिली विकेट किती धावांवर पडेल. सामना संपायची वाट बघायची गरज नाही. वीस-पंचवीस मिनिटांत एक निकाल लागतो आणि लगेच दुसरा भाव समोर येतो. एका संध्याकाळी माणूस दहा वेळा पैसे लावू शकतो.

सेशनचा भाव दोन आकड्यांत सांगतात. समजा बुकी म्हणाला, सहा षटकांचं सेशन ‘शेहेचाळीस-सत्तेचाळीस’. याचा अर्थ असा. ज्याला वाटतं धावा जास्त होतील, त्यानं ४७ला ‘येस’ म्हणायचं. ४७ किंवा जास्त झाल्या तर तो जिंकला. ज्याला वाटतं कमी होतील, त्यानं ४६ला ‘नो’ म्हणायचं. ४५ किंवा कमी झाल्या तर तो जिंकला. आता बरोबर ४६ धावा झाल्या तर? येसवाला हरला, कारण ४७ झाल्या नाहीत. नोवालाही हरला, कारण ४६ झाल्या. दहा जणांनी येस आणि दहा जणांनी नो म्हणून हजार-हजार लावले असतील, तर ४५ किंवा ४७वर बुकी एका बाजूचे पैसे दुसऱ्या बाजूला देतो आणि त्याचं काही जात नाही. पण ४६ झाल्या की वीसच्या वीस हजार त्याचे. मधली ही एका धावेची फट बुकीची असते. आडत्यानं घेण्याचा भाव एक आणि विकण्याचा भाव एक ठेवावा, तसंच हे.

शिवाय भाव दर चेंडूला हलतो, आणि आपल्या घरातल्या टीव्हीवर दिसणारा चेंडू मैदानावर काही सेकंद आधीच पडलेला असतो. मोबाइलवर तर त्याहून उशिरा दिसतो. चौकार गेलेला ज्याला आधी कळतो, तो भाव आधी बदलतो किंवा थांबवतो. पोराला वाटतं आपण खेळ ओळखून लावतो. तो खरं तर शिळ्या बातमीवर पैसे लावत असतो.

आणि बारीक गोष्ट ठरवून घडवणं सोपं असतं. अख्खा सामना हरायचा तर बहुधा बऱ्याच जणांना हाताशी धरावं लागेल. एक नो-बॉल टाकायला एकच गोलंदाज पुरतो. ऑगस्ट २०१०मध्ये लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर पाकिस्तानच्या गोलंदाजांनी पैशासाठी ठरवून नो-बॉल टाकले, आणि पुढच्या वर्षी तिथल्या कोर्टानं कप्तानासह तीन खेळाडूंना त्यासाठी तुरुंगात पाठवलं. फॅन्सी लावणाऱ्याला आपल्यासमोर काय शिजतंय ते कधी कळत नाही.

हे झालं खेळाचं. पण हजार रुपये हरले तर हजारच गेले, एवढ्यावर हे थांबत नाही. मैत्रिणींनो, खरा घात पैसे देण्याघेण्याच्या रीतीत आहे. त्या रीती दोन आहेत. एक जुनी, उधारीची. दुसरी नवी, आयडीची.

जुन्या रीतीत पोरगा फोनवर बोली लावतो आणि बुकी ती लिहून घेतो. त्या वेळी पैसे द्यायचे नसतात. हिशेब आठवड्यानं, बहुतेक सोमवारी. त्याला धंद्यातली माणसं ‘वलण’ म्हणतात. खिशात दमडी नसतानाही खेळता येतं, हीच त्यातली मेख.

एक उदाहरण धरून चालू. एक मुलगा मोंढ्यात हमालीला जातो. आठवड्यात त्यानं चौदा सेशन लावले, प्रत्येकी हजार रुपयांचे. सहा जिंकला, आठ हरला. सोमवारी त्याला दोन हजार द्यायचे आहेत. ते तो कसेबसे देतो. पुढच्या आठवड्यात गेलेले भरून काढायला तो दोन-दोन हजारांचे लावतो. चार जिंकला, दहा हरला. म्हणजे सहा बोल्यांचा फरक, बारा हजार रुपये. इतके त्याच्याकडे नाहीत. मग बुकीच म्हणतो, घाबरू नको, आपल्या ओळखीचा माणूस आहे, तो देईल. तो माणूस शेकडा दहा रुपये महिन्यानं देतो. बारा हजारांवर महिन्याला बाराशे रुपये नुसतं व्याज. आपल्या गटातून शेकडा दोननं घेतले असते तर दोनशे चाळीस पडले असते. पण सट्ट्यासाठी गटात कोण हात पसरणार? म्हणून तो गप्प बसतो, आणि घरी कळतं तेव्हा सोयाबीनची पट्टी आधीच गेलेली असते.

आता या उधारीबद्दल कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा १८७२चा आहे. त्याच्या कलम ३०प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो. पैजेत जिंकलेल्या पैशासाठी कोर्टात दावा लावता येत नाही. याच्या दोन बाजू आहेत. बुकी तुमच्या मुलावर कोर्टात वसुलीचा दावा लावू शकत नाही. तसंच बुकीनं जिंकलेले पैसे बुडवले तर मुलगाही कोर्टात जाऊ शकत नाही. म्हणजे सगळा व्यवहार ज्याचा दम जास्त त्याच्या हातात. म्हणूनच बुकी किंवा त्याचा सावकार कोरा चेक, कोऱ्या बाँडवर सही, गाडीची कागदपत्रं मागतो. पैजेच्या कर्जाला तो हातउसन्या पैशाचं रूप देतो. एकदा चेक गेला आणि तो वटला नाही, की ‘हे पैजेचे पैसे होते’ हे कोर्टात शाबित करणं तुमच्यावर येतं. त्यामुळं काही झालं तरी कोऱ्या कागदावर सही करायची नाही, आणि घरातल्या दुसऱ्या कुणीही जामीन राहायचं नाही.

आता नवी रीत. ही जास्त पसरली आहे आणि आपल्या दारात आली आहे. व्हॉट्सॲपवर एक नंबर येतो, ‘आयडी घ्या, सेशन-फॅन्सी सगळं मिळेल’. पैसे भरले की एक नाव आणि पासवर्ड मिळतो. आत पैसे दिसत नाहीत, पॉइंट दिसतात. हा आयडी देणारा आपल्याच भागातला असतो. त्याच्यावर मोठा, त्याच्यावर आणखी मोठा, आणि सगळ्यात वरचा बहुधा देशाबाहेर.

महादेव बुक हे नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारनं महादेव बुकसह बावीस ॲप आणि वेबसाइट बंद केल्या. सक्तवसुली संचालनालयानं, म्हणजे ईडीनं, त्याची रचना सांगितली ती अशी. वर मालक दुबईत, खाली गावोगावी ‘पॅनल’, म्हणजे शाखा. नफ्याचे सत्तर टक्के वर, तीस टक्के शाखेला. गिऱ्हाइकाला पैसे भरायला एक नंबर आणि पैसे काढायला दुसरा नंबर. आणि पैसे फिरायचे ते भलत्यांच्याच नावावरच्या बँक खात्यांतून.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. आयडीवाला पैसे भरायला जो क्यूआर कोड पाठवतो, तो त्याच्या नावाचा नसतो. पैसे टाकताना पडद्यावर कधी एखाद्या अनोळखी बाईचं नाव येतं, कधी कुठल्या किराणा दुकानाचं. दोन दिवसांनी कोड बदलतो. तो म्हणतो, पैसे टाका आणि स्क्रीनशॉट पाठवा. नाव एकाचं, व्यवहार दुसऱ्याचा आणि कोड सारखा बदलता, ही तीन लक्षणं दिसली की समजायचं, खातं भाड्याचं आहे.

अशा व्यवहारात पैसे बुडतात ते चार ठिकाणी. पैसे भरले आणि पॉइंट आलेच नाहीत. किंवा जिंकल्यावर ‘हा भाव चुकून पडला होता’ म्हणून बोली रद्द केली. किंवा पैसे काढायला गेलं तर ‘आधी इतके भरा, मग निघतील’. किंवा सरळ आयडी बंद आणि नंबरही बंद. आयडी त्यांच्या हातात, पॉइंट त्यांच्या हातात, मग निकालही त्यांच्याच हातात. जुलै २०२३मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं पोलिसांत तक्रार दिली. गोंदियातल्या एका बुकीनं दिलेल्या लिंकवर तो खेळत गेला. सुरुवातीला जिंकला. तक्रारीप्रमाणे शेवटचा हिशेब असा, की जिंकले सुमारे पाच कोटी आणि गेले अठ्ठावन्न कोटी. पोलिसांनी गोंदियात छापा घातला तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि सोनं सापडलं. आकडा मोठा आहे, पण रीत तीच. आधी थोडं जिंकू द्यायचं, म्हणजे माणूस पुढं मोठी रक्कम भरतो.

मुलं म्हणतात, ‘माय, विलायतेत तर हे कायदेशीर आहे.’ खरं आहे. ब्रिटनमध्ये सट्टा घेणाऱ्या कंपनीला सरकारी आयोगाचा परवाना लागतो. खेळण्याआधी गिऱ्हाइकाचं वय आणि ओळख तपासावी लागते. एप्रिल २०२०पासून तिथं क्रेडिट कार्डानं सट्टा लावायला बंदी आहे. कंपनी बुडाली तर तुमचे भरलेले पैसे सुरक्षित राहतील की नाही, हे कंपनीला आधी सांगावं लागतं. पैसे अडवले तर वेगळ्या तटस्थ संस्थेकडं तक्रार करता येते, आणि २००७पासून तिथं जिंकलेल्या पैशासाठी कोर्टातही जाता येतं. ज्याला सवय सोडायची आहे, त्यानं एकदा नाव नोंदवलं की तिथल्या सगळ्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना त्याला दार बंद करावं लागतं. एवढं असूनही तिथं लोक पैसे हरतातच, कारण भावातली फट तिथल्या कंपनीचीही असते. फक्त देण्याघेण्यात फसवणूक झाली तर दाद मागायला जागा आहे.

आपल्याकडं ती जागा नाही. क्रिकेटवर सट्टा घ्यायचा परवाना महाराष्ट्रात कुणाकडंही नाही. मुंबई आणि पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या शर्यतीला परवानगी आहे, तेवढंच. बाकीच्यांना १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा लागतो. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे लावून खेळायचा कुठलाही ऑनलाइन खेळ चालवण्यावर त्यात बंदी आहे, मग तो कौशल्याचा म्हणा की नशिबाचा. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड सांगितला आहे. नुसत्या खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. पण अशा खेळाच्या पैशाची देवघेव करून देणाऱ्याला आहे. म्हणून वेबसाइटवर कुठल्या परदेशी बेटाच्या परवान्याचा शिक्का दिसला तरी नांदेड-लातूरच्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. त्या बेटावर जाऊन तक्रार कोण करणार?

आता माईच्या पासबुकाकडं येऊ. आयडीवाल्यांना सारखी नवी खाती लागतात, कारण जुनी बंद पडत जातात. मग गावात एजंट फिरतो. ‘खातं उघडून द्या, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड आमच्याकडं राहील, महिन्याला पाच हजार घरबसल्या.’ कधी तो परका असतो, कधी आपलाच भाचा असतो. बाईला वाटतं, माझ्या खात्यात तसंही काही नाही, गेलं तर काय जाणार?

जातं ते असं. सट्ट्याच्या खात्यांतून फक्त सट्ट्याचे पैसे फिरत नाहीत. फसवणुकीचे पैसेही त्याच खात्यांतून पुढं ढकलले जातात. समजा पुण्यात कुणाला लुबाडलं आणि त्यानं १९३० या क्रमांकावर तक्रार केली. मग त्याचे पैसे ज्या ज्या खात्यांतून गेले, त्या प्रत्येक खात्याचा माग निघतो आणि तिथल्या बँका रक्कम अडवून ठेवतात. कधी अख्खं खातंच गोठतं. त्यात तुमचे लाडकी बहीण योजनेचे पैसे, पीकविम्याचे पैसे, मजुरीचे पैसे, सगळं अडकतं. आणि पोलिसांच्या कागदावर आरोपी म्हणून नाव येतं खातेदार बाईचं. एजंटचं नाव कुठंच नसतं.

इथं आणखी एक गोष्ट आहे, जी सट्टा खेळणाऱ्यांनाही ठाऊक नसते. जिंकणाऱ्याचंही खातं गोठू शकतं. आयडीवाला जिंकलेले पाच हजार कुठल्या तरी अनोळखी खात्यातून पाठवतो. ते पैसे कुणाच्या तरी फसवणुकीचे निघाले, की माग तुमच्या मुलाच्या खात्यापर्यंत येतो. त्याला वाटतं आपण जिंकलो. बँकेला दिसतं, चोरीचा पैसा इथं आला.

आता करायचं काय? थोडक्यात पण नीट सांगतो.

दर महिन्याला पासबुक भरून आणा आणि नोंदी कुणाकडून तरी वाचून घ्या. ओळख नसलेल्या नावावरून पैसे येऊन त्याच दिवशी निघून गेलेले दिसले, तर ते खातं कुणीतरी वापरतंय. गटाच्या खात्याचं एटीएम, पासवर्ड किंवा सह्या केलेले कोरे चेक एकीकडं ठेवायचे नाहीत, घरातल्या मुलाकडं तर नाहीच. गटाच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे, हे पुढच्या बैठकीत विचारा.

खातं आधीच देऊन बसलात, तर लपवू नका. त्याच दिवशी बँकेत जाऊन कार्ड बंद करा, ते सिम बंद करून घ्या, आणि काय झालं ते बँकेला आणि पोलीस ठाण्याला लेखी द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. खात्यात परके पैसे पडलेले असतील तर ते काढू नका आणि एजंट सांगेल तिथं पाठवूही नका.

खातं गोठलंच, तर शाखेत तीन गोष्टी लेखी मागा. तक्रारीचा क्रमांक काय, कुठल्या राज्यातल्या कुठल्या पोलीस ठाण्यानं अडवलं, आणि किती रक्कम अडवायला सांगितली. या तीन गोष्टी हातात असल्या की त्या पोलीस ठाण्याला पासबुकाची प्रत जोडून अर्ज पाठवता येतो. वादाची रक्कम तीन हजार असेल आणि खातं पूर्ण बंद असेल, तर तेवढीच रक्कम अडवून बाकीचं खातं मोकळं करा, अशी मागणी करता येते. लगेच होईलच असं नाही, पण कागद नसला तर काहीच होत नाही.

आयडीवाल्यानं पैसे बुडवले असतील, तर १९३०वर लगेच फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची आशा असते. दोन दिवसांनी ते पाच खात्यांतून पुढं गेलेले असतात. सट्टा होता म्हणून लाजून उशीर केला, की फावतं ते त्याचं.

आणि उधारीचा तगादा सुरू असेल, तर दारात येऊन धमकावणाऱ्यासाठी ११२ क्रमांक आहे. व्याजानं पैसे देणाऱ्याकडं सावकारीचा परवाना आहे का, हे तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं कळतं. परवाना नसेल तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडं तक्रार करा. २०१४च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यात अवैध सावकारानं तारण म्हणून घेतलेली जमीन किंवा वस्तू परत मिळवण्याची सोय आहे.

शेवटचं एकच. मुलगा कर्जात आहे हे कळलं तर पहिला प्रश्न ‘किती?’ हा विचारा. ‘का केलंस?’ हे नंतर. आकडा पूर्ण बाहेर आल्याशिवाय थोडं थोडं फेडू नका, कारण अर्धं फेडलेलं कर्ज लपलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा सट्ट्यावर नेतं. पोरगा जेवेना, बोलेना, रात्र रात्र जागा राहिला, तर १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करून बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

येत्या बैठकीत वहीतले हिशेब झाले की प्रत्येकीनं आपलं पासबुक आणि एटीएम कार्ड कुणाजवळ आहे, एवढं सांगायचं. जिचं स्वतःजवळ नसेल, तिनं ते त्याच आठवड्यात परत मागून घ्यायचं.